‘घेऊ’च्या पुढे फोटो संपला

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. पाठवणारा मुलगा ओमानचा, पुण्यात शिकायला आलेला, कोंढव्यात भाड्यानं राहणारा. त्याचे साठीतले काका पोटाच्या तक्रारीसाठी पुण्यात आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका रुग्णालयात त्यांची एंडोस्कोपी होती. तयारीच्या सूचनांचा कागद मराठीत होता. काउंटरवर तो कागद फाइलला लावून टाकला गेला, त्याआधी मुलानं तो घाईघाईत मोबाइलवर टिपून घेतला. म्हणजे कागद रुग्णालयात, काका फ्लॅटवर आणि माझ्याकडे फक्त फोटो. “मॅडम, अरबीत करून द्या ना, काकांना लगेच पाठवायचंय,” एवढंच त्यानं लिहिलं होतं.

मराठीतून अरबीत अनुवाद करणं हे माझं रोजचं काम आहे. एका पानाच्या सूचना म्हणजे पंधरा मिनिटांचा प्रश्न. पण या कागदानं रात्री दहापर्यंत बसवून ठेवलं, आणि त्यात मी एक चूक केली जी मला आधी दिसलीही नव्हती. म्हणून हे प्रकरण सगळं लिहून ठेवते आहे.

फोटोत काय होतं आणि काय नव्हतं

कागद फोटोत थोडा उजवीकडे कललेला होता आणि मोबाइल फार जवळ धरलेला होता. असा फोटो कसा कापला जातो ते एकदा ध्यानात आलं की पुढचं बरंच सोपं होतं. कागद कलला की वरच्या ओळी उजव्या कडेतून बाहेर जातात आणि खालच्या ओळी डाव्या कडेतून. मधल्या एक-दोन ओळी तेवढ्या दोन्ही बाजूंनी पूर्ण राहतात. इथे नेमकं तसंच झालं होतं. मथळा आखूड आणि मधोमध असल्यामुळे वाचला होता. त्याखालचं जसं दिसत होतं तसं लिहिते, उभी रेघ म्हणजे फोटोची कड:

```
आदल्या दिवशी हलके जेवण घ्यावे. रात्री १|
काहीही खाऊ नये.
मधुमेहाची गोळी तपासणीच्या दिवशी सकाळी घेऊ |
रक्तदाबाची गोळी सकाळी दोन घोट पाण्याबरोबर घ्यावी.
तपासणीनंतर त्या दिवशी वाहन चालवू नये, सोबत नातेवाईक हवा.
|ळ करणारी गोळी चालू असल्यास विचारल्याशिवाय बंद करू नये.
```

सगळ्यात खाली विभागाचा फोन नंबर होता, त्याचे सुरुवातीचे आकडे डाव्या कडेत गेले होते.

देवनागरीत कापलेला शब्द ओळखायला एक चांगला आधार असतो, तो म्हणजे शिरोरेषा. फोटो मोठा करून कडेपाशी बघायचं. शिरोरेषा थेट कडेला जाऊन भिडली असेल तर शब्द अर्धा आहे. कडेच्या आधी ती तुटली असेल आणि पुढे कोरी जागा असेल तर शब्द पुरा आहे. मधुमेहाच्या ओळीत ‘घेऊ’ची शिरोरेषा संपत होती, मग बारीक फट होती आणि अगदी कडेवर, केसाएवढा, दुसऱ्या शिरोरेषेचा तुकडा सुरू होत होता. त्या तुकड्याखाली काहीच नव्हतं. त्यावरून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. एक, शब्द ‘घेऊन’ नव्हता, कारण मध्ये फट होती. दोन, पुढे आणखी शब्द होता. तो ‘नये’ होता, ‘नका’ होता की ‘शकता’ होता, हे मात्र त्या केसाएवढ्या रेघेतून कळणं शक्य नव्हतं.

आणि वरच्या ओळीतल्या ‘१’पाशी तर हा आधारही उपयोगी नव्हता, कारण देवनागरी आकड्यांना शिरोरेषाच नसते. ‘१’च्या पुढे आणखी आकडा आहे की नाही हे अक्षरासारखं कडेवरून कळत नाही. रात्री १, १०, ११, १२, चारही शक्य.

किती मजकूर गेला असावा याचा अंदाज घ्यायला पूर्ण राहिलेली ओळ वापरायची. वाहनाची ओळ दोन्ही समासांसह दिसत होती आणि तीत २९ अक्षरं होती. मधुमेहाच्या ओळीत दिसणारी अक्षरं २०. म्हणजे ‘घेऊ’च्या पुढे आठ-नऊ अक्षरांची जागा होती. ‘नये’ला दोन लागतात. उरलेली जागा कोरी असेल किंवा तिथे आणखी काही लिहिलेलं असेल. प्रत्येक सूचना नव्या ओळीवर असल्यामुळे ओळी मुळातच लहानमोठ्या होत्या, तेव्हा जागेवरून एवढंच म्हणता येतं की ‘इतकं मावलं असतं’. ‘इतकं होतं’ असं म्हणता येत नाही.

मराठी ओळीचा शेवट अरबी वाक्याच्या तोंडाशी येतो

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘घेऊ नये’, ‘खाऊ नये’, ‘बंद करू नये’. म्हणून मराठी कागदाचा उजवा काठ कापला गेला की पहिल्यांदा हो-नाही जातं. कशाबद्दल बोलणं चाललंय ते सगळं शाबूत राहतं, काय करायचं तेवढंच नाहीसं होतं. अरबीत उलट आहे. तिथे नकाराचा ‘ला’ क्रियापदाच्या आधी येतो आणि साधं वाक्य बहुतेक वेळा क्रियापदानंच सुरू होतं. म्हणजे मराठीत जे कडेबाहेर गेलंय, नेमकं त्याच्यापासून अरबी वाक्य सुरू करावं लागतं. अनुवादकाला पहिल्याच शब्दाला ठरवावं लागतं की ‘घ्या’ की ‘घेऊ नका’. हात आपोआप काहीतरी टंकून जातो.

जे हो-नाहीचं, तेच ‘नंतर’, ‘आधी’, ‘पर्यंत’चं. मराठीत ‘रात्री दहानंतर’, अरबीत ‘बअद’ आधी आणि वेळ नंतर. कापलेला शब्दयोगी अरबीत पुन्हा पहिलाच.

मुलगा घाईत होता. मी पहिला मजकूर मोबाइलवरच टंकला आणि जिथे कापलं होतं तिथे तीन टिंबं देऊन मोकळी झाले. जेवणाची ओळ मी अशी पाठवली:

```
لا يؤكل أي شيء بعد الساعة ١… ليلًا
```

‘रात्री १… वाजल्यानंतर काही खाऊ नये’ असा माझा अर्थ. मधुमेहाच्या ओळीलाही ‘मधुमेहाची गोळी सकाळी…’ असं ठेवलं. आठ-दहा मिनिटांत मुलाचा निरोप आला: काका म्हणताहेत २१ वाजता म्हणजे रात्री नऊला जेवण बंद, बरोबर ना? आणि साखरेच्या गोळीचं ‘वगैरे’ म्हणजे नेहमीसारखीच घ्यायची ना?

२१ कुठून आलं हे मला दोन मिनिटं कळेना. मग स्क्रीनवर आपलाच निरोप नीट पाहिला. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्यातले आकडे डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. टिंबांना स्वतःची दिशा नसते. ती भोवतालच्या मजकुराची दिशा घेतात. म्हणून मी १च्या ‘पुढे’ टाकलेली टिंबं स्क्रीनवर १च्या डाव्या अंगाला गेली. आकडा डावीकडून वाचणाऱ्याला ते ‘आधीचा आकडा दिसत नाही, शेवटी १’ असं दिसतं. हरवलेला होता दुसरा आकडा, माझ्या टिंबांनी सांगितलं पहिला हरवलाय. रात्रीच्या वेळांत शेवटी १ येणारी, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ म्हणजे २१.

त्यात काकांनी मूळ फोटोही उघडून पाहिला होता, आणि तिथे त्यांना ‘नऊ’ दिसलाच! ओमानमध्ये चालणाऱ्या अरबी अंकांत नऊ लिहितात तो ٩ असा, आणि आपला ‘१’ त्याच्याशी चांगलाच मिळताजुळता आहे. म्हणजे माझ्या निरोपातून निघाले २१, फोटोतून निघाले नऊ, दोन्ही एकमेकांना जुळले, आणि काकांची खात्री पटली. दोन चुका एकमेकींची साक्ष देतात तेव्हा वाचणाऱ्याला शंका यायला जागाच राहत नाही. नऊला जेवण थांबवून काकांचं काही बिघडलं नसतं, हे खरं. पण ते निव्वळ दैवानं.

गोळीच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं. वाक्याच्या शेवटी आलेली तीन टिंबं अरबीतही ‘इत्यादी’, ‘पुढचं समजून घ्या’ अशी वाचली जातात. ‘इथे मजकूर होता, मला तो दिसत नाही’ हे टिंबं सांगत नाहीत. माणसानं त्यातून स्वतःला सोयीचं ते घेतलं: नेहमीसारखं.

तेव्हाच माझी तिसरी चूक दिसली, आणि ती मला जास्त लागली. मी ‘बअद’, म्हणजे ‘नंतर’, लिहिलं होतं. फोटोत ‘नंतर’ हा शब्द नव्हताच. ‘रात्री १’ इथे ओळ कापली गेली होती आणि पुढची ओळ ‘काहीही खाऊ नये’ अशी सुरू होत होती. ‘नंतर’ असेल, ‘पासून’ असेल, आणखी काही असेल. अरबी वाक्याला त्या जागी शब्द हवा होता म्हणून मी तो भरला आणि भरल्याची खूणही ठेवली नाही. टिंबं निदान दिसतात तरी, असा शब्द दिसतच नाही. कापलेल्या मजकुराचा अनुवाद तपासताना मी आता हेच आधी शोधते: माझ्या अरबी वाक्यातला प्रत्येक शब्दयोगी, प्रत्येक नकार फोटोतल्या कोणत्या अक्षरांवर उभा आहे. बोट ठेवून दाखवता आलं नाही तर तो शब्द चौकटी कंसात गेला पाहिजे.

दुसरा मजकूर

मुलाला लगेच लिहिलं की काकांना सांग आधीचा निरोप धरू नका, दहा मिनिटं थांबा. मग लॅपटॉपवर बसले.

सुरुवातीला खुणांचा अर्थ. लांब यादी केली की कुणी वाचत नाही, म्हणून तीनच:

```
[مقطوع] = النص خارج إطار الصورة
[غير واضح] = النص داخل الصورة لكنه لا يُقرأ
[؟] = تقدير من المترجمة
```

‘मक्तूअ’ म्हणजे कापलेलं, फोटोच्या बाहेर राहिलेलं. ‘गैर वादिह’ म्हणजे फोटोत आहे पण वाचता येत नाही. तिसरी खूण म्हणजे अनुवादिकेचा अंदाज. पहिल्या दोन वेगळ्या ठेवायचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. कापलेल्यावर इलाज म्हणजे पुन्हा फोटो काढणं. पुसट किंवा गिचमिड अक्षरावर नव्या फोटोचा उपयोग होईलच असं नाही, तिथे लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं. दोन्हींना एकच ‘वाचता येत नाही’ लावलं तर वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही.

त्याखाली दिशेबद्दल एक ओळ:

```
تنبيه: الأصل يُكتب من اليسار إلى اليمين.
«نهاية السطر» تعني يمين الصورة.
```

ही ओळ मी पूर्वी देत नसे. पण अरबी वाचणाऱ्याच्या मनात ‘उजवी कड’ म्हणजे ओळीची सुरुवात. ‘उजवीकडे कापलंय’ असं सांगितलं तर तो समजतो सुरुवात गेली. मराठीत गेलेला असतो शेवट. म्हणून खुणेत उजवं-डावं न लिहिता ‘ओळीचा शेवट’ आणि ‘ओळीची सुरुवात’ लिहायचं, आणि तो शेवट फोटोत कुठल्या बाजूला आहे ते एकदाच वर सांगून टाकायचं.

आता गोळीची ओळ. अरबीत क्रियापदानं सुरुवात केली की हो-नाही ठरवावं लागतं, म्हणून क्रियापदानं सुरुवातच करायची नाही. अरबीत नाम पुढे आणून त्याच्याबद्दल नंतर सांगण्याची सोय आहे, आणि ती अगदी सहज वाटते. ‘साखरेच्या गोळ्या, तपासणीच्या दिवशी सकाळी:’ असं नाम पुढे घेतलं की कापलेली जागा वाक्याच्या शेवटी जाते, जिथे ती मूळ कागदातही आहे:

```
حبوب السكر صباح يوم الفحص: [مقطوع: نهاية السطر.
لا يُعرف هل تُؤخذ أم لا تُؤخذ]
```

‘घेतल्या जाव्यात की घेतल्या जाऊ नयेत, ते माहीत नाही.’ कंसात हे इतकं उघड लिहावं की नाही यावर आम्हा अनुवादकांत मतभेद आहेत. काही जण नुसतं ‘मक्तूअ’ लिहून थांबतात, कारण शक्यता सांगणं हाही अंदाजच, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. जिथे गेलेला मजकूर अर्थ उलटा करू शकतो तिथे वाचणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. नुसत्या ‘कापलंय’वरून काकांनी पुन्हा ‘नेहमीसारखी’च धरली असती.

क्रियापद कर्मणी ठेवण्याचंही कारण आहे. ‘घेऊ नये’मध्ये कोण ते नाही, सूचना सगळ्यांना आहे. अरबीत ‘तू घेऊ नकोस’ म्हटलं की पुरुष-बाई ठरवावं लागतं आणि सूचनेचा सूर बदलतो. शिवाय स्वरचिन्हं न देताही या क्रियापदाचं कर्मणी रूप हम्ज़ा या अरबी चिन्हाच्या जागेवरून ओळखू येतं, त्यामुळे गोंधळ होत नाही.

जेवणाची ओळ:

```
في الليلة السابقة، الساعة [مقطوع: نهاية السطر. يظهر من الرقم
«واحد» وما بعده خارج الصورة]: لا يؤكل أي شيء.
```

‘आकड्यातला «एक» दिसतो, त्यापुढचं फोटोच्या बाहेर आहे.’ आकडा मुद्दाम अक्षरी लिहिला. टिंबं आकड्याच्या योग्य बाजूला रोखून धरणारी अदृश्य चिन्हं युनिकोडमध्ये आहेत, पण निरोप एका अॅपमधून दुसऱ्यात चिकटवताना ती कधी टिकतात, कधी गळून पडतात, आणि गळाली तर कुणाला कळतही नाही. शब्द मात्र इकडचे तिकडे होत नाहीत. त्याच धोरणानं प्रत्येक ओळ अरबी शब्दानं सुरू केली. ओळीच्या तोंडाशी औषधाचं इंग्रजी नाव आलं की बऱ्याच अॅपमध्ये सगळी ओळच डावीकडून मांडली जाते आणि कंस भलत्याच शब्दापाशी जाऊन बसतात.

राहिली ‘|ळ करणारी गोळी’. इथे मी अंदाज केला आणि तसा दाखवला:

```
[مقطوع: بداية السطر] من يتناول [أدوية سيولة الدم؟]
لا يوقفها إلا بعد سؤال الطبيب.
```

‘रक्त पातळ करणारी’. ‘ळ’ शिल्लक होता, ‘करणारी गोळी’ शिल्लक होती, आणि अशा कागदावर ‘ळ’ने संपून ‘करणारी’ला जोडला जाणारा दुसरा शब्द मला सुचत नाही. पण अंदाज करायला तेवढंच पुरलं नाही. ओळीचा शेवट, म्हणजे काय करायचं तो भाग, पूर्ण दिसत होता: विचारल्याशिवाय बंद करू नये. माझा अंदाज चुकला असता तरी काका फार तर डॉक्टरांना एक जादा प्रश्न विचारतील. मधुमेहाच्या ओळीत मला ‘नये’ तितकंच संभाव्य वाटत होतं. माझ्या आईच्या एंडोस्कोपीच्या वेळी साखरेची गोळी सकाळी बंदच ठेवायला सांगितली होती. तरी तिथे मी अंदाज लिहिला नाही, कारण तो चुकला तर उपाशीपोटी साखर उतरते किंवा हवं ते औषध चुकतं. आईच्या कागदावर काय होतं ते काकांच्या कागदाला लागू नाही.

मुलानं मात्र नेमकं हेच मागितलं. “मॅडम, तुम्हाला तर माहीतच असेल ना, सांगून टाका.” मी त्याला म्हटलं, मला जे वाटतं ते फोटोत नाही, आणि काका ते रुग्णालयाचं म्हणून वाचतील.

फोन नंबरचे दिसणारे आकडे मी दिलेच नाहीत, फक्त ‘विभागाचा नंबर, सुरुवात कापलेली’ एवढं लिहिलं. अर्धा नंबर लिहिला की कुणीतरी पुढे ०२० जोडून लावून बघतोच.

रुग्णालयाला विचारलेले प्रश्न

अनुवादाच्या खाली, रेघ मारून, प्रश्न वेगळे दिले. ते अनुवादाचा भाग नाहीत हे दिसायला हवं, म्हणून ते कंसात घुसडले नाहीत. अरबीत काकांसाठी, आणि मुलाला वाचून दाखवता यावेत म्हणून मराठीतही:

पहिला, रात्री किती वाजता खाणं बंद करायचं? दुसरा, मधुमेहाच्या गोळीच्या ओळीत ‘घेऊ’च्या पुढे काय लिहिलंय, ते शब्द जसेच्या तसे वाचून दाखवाल का?

दुसऱ्या प्रश्नाची ठेवण अशीच हवी. ‘गोळी घ्यायची नाही ना?’ असं विचारलं की घाईतलं माणूस ‘हो हो’ म्हणून फोन ठेवतं. आणि ते ‘हो’ कशाला होतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पावणेनऊला मीच मुख्य नंबरवर फोन लावला. रात्रपाळीच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, पेशंटचं फोनवर दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. नातेवाइकांना करू द्या, फाइल नंबर घेऊन.” त्यांचं बरोबर होतं. मुलानं फोन केला, माझे मराठी प्रश्न वाचले, आणि सिस्टरनी उत्तर देण्याऐवजी जास्त चांगलं केलं. फाइलमधून तो कागद काढून टेबलावर सरळ ठेवला, चारही कोपरे दिसतील असा फोटो घेतला आणि त्याला पाठवला. साडेनऊ वाजले होते.

‘रात्री १’च्या पुढे होतं ‘० वाजल्यानंतर’. म्हणजे ‘नंतर’ होतंच. मी भरलेला शब्द बरोबर निघाला, पण ते मला आधी माहीत नव्हतं. शेवटच्या ओळीत ‘रक्त पातळ करणारी’ हेच होतं. आणि मधुमेहाची ओळ अशी होती: ‘घेऊ नये, सोबत आणावी.’

‘सोबत आणावी’ माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ‘नये’ भरून मोकळी झाले असते तर अनुवाद बरोबर आहे असं सगळ्यांनाच वाटलं असतं, काकांनी गोळी घेतली नसती आणि ती फ्लॅटवरच राहिली असती. आठ-नऊ अक्षरांची जागा मी मोजली होती. ‘नये’नं दोनच भरतात हेही दिसत होतं. उरलेल्या जागेत शब्द असू शकतात हे कंसात लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. आता लिहिते: ओळ आणखी लांब असू शकते.

मी नवा मजकूर करेपर्यंत मुलानं पूर्ण फोटो काकांना पाठवून दिला होता. त्यांचा लगेच प्रश्न आला, पंच्याण्णव म्हणजे काय? आपला ‘१’ त्यांना नऊ दिसतो हे कळलं होतं, आता ‘०’ पाच दिसला. अरबी पाच ٥ असा गोल काढतात आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. फोटो पूर्ण होता, स्वच्छ होता, आणि तरी त्यातला ‘१०’ त्यांना ९५ वाचता येत होता.

शेवटचा मजकूर पावणेदहाला गेला. वरची ओळ ‘हा अनुवाद आधीचा निरोप रद्द करतो’, आणि बदललेल्या ओळी त्याच्या लगेच खाली, कंस एकही नाही, वेळ अक्षरी:

```
هذه الترجمة تلغي الرسالة السابقة.
بعد الساعة العاشرة ليلًا لا يؤكل أي شيء.
حبوب السكر لا تُؤخذ صباح يوم الفحص، وتُحضَر مع المريض.
```

मुलाला सांगितलं, आधीचे दोन्ही निरोप काकांच्या फोनवरून काढून टाक, सकाळी वर सरकवून जुनाच वाचतील. त्यानं ते केलं आणि गोळ्यांची पट्टी काकांच्या पिशवीत ठेवल्याचा फोटो पाठवला. पट्टीवरचं नाव कडेला अर्धं कापलं गेलं होतं. मी त्याला पुन्हा फोटो काढायला लावला.